घरचे इंटरनेट मंदावले तर फोन करण्याआधी काय पाहावे

संध्याकाळी मुलांचा ऑनलाइन तास सुरू असताना चित्र अडकू लागले की बहुतेक घरांत पहिला फोन केबलवाल्याला किंवा कंपनीच्या तक्रार केंद्राला जातो. पलीकडचा माणूस राउटर बंद करून चालू करायला सांगतो, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा होतो. असे होण्याचे कारण सरळ आहे. इंटरनेट तीन निरनिराळ्या ठिकाणी मंदावू शकते: हातातल्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये, फोन आणि राउटर यांच्यामधल्या वायफायच्या टप्प्यात, किंवा राउटरपासून बाहेर जाणाऱ्या तारेत. कंपनीच्या हातात यांपैकी फक्त तिसरे ठिकाण असते. पहिल्या दोन ठिकाणचा दोष तिला तिच्या कार्यालयात बसून बहुधा दिसतही नाही. म्हणून फोन करण्याआधी दोष कोणत्या टप्प्यात आहे एवढे आपण ठरवायचे आहे, आणि त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. एक फोन, एक कागद आणि सुमारे अर्धा तास पुरेसा आहे.

सर्वांत आधी मंदपणा सगळीकडे आहे की एकाच ठिकाणी, हे पाहावे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी शिक्षण मंडळाचे निकालाचे संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो, कारण राज्यभरातील विद्यार्थी आणि पालक एकाच वेळी तिथे आलेले असतात. त्या वेळी आपल्या घरचे इंटरनेट उत्तम असले तरी पान फिरतच राहते. प्रवेशाचे किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीही हाच अनुभव येतो. अशा वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे आणि तेच अडलेले पान वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही उघडून पाहावे. दुसरे संकेतस्थळ झटकन उघडले आणि अडलेले पान मोबाइल डेटावरही अडकले, तर दोष त्या संकेतस्थळाकडे आहे आणि घरात काही करण्यासारखे नाही. त्याचप्रमाणे घरातल्या दोन वेगवेगळ्या फोनवर एकच व्हिडिओ लावून पाहावा. एका फोनवर तो अडतो आणि त्याच जागी धरलेल्या दुसऱ्या फोनवर नीट चालतो, असे दिसले तर आधी त्या पहिल्या फोनकडे पाहावे. त्याची साठवण जागा भरली आहे का, त्यावर मागे एखादे मोठे अपडेट उतरत आहे का, किंवा कोणी त्यावर व्हीपीएन चालू करून ठेवले आहे का, हे तपासून तो फोन एकदा बंद करून चालू करावा.

दोन्ही फोनवर सारखाच त्रास असेल, तर या संपूर्ण तपासणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी घ्यावी. राउटरपासून सहा-सात फुटांवर, मध्ये भिंत किंवा दार येणार नाही असे उभे राहून वेग मोजावा. त्याआधी त्या फोनचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करावा, कारण वायफाय कमजोर वाटले की अनेक फोन न विचारता मोबाइल डेटावर जातात आणि मग आपण मोजतो ते घरचे इंटरनेट नसतेच. घरातला टीव्ही आणि बाकीचे फोन पाच मिनिटांसाठी वायफायवरून उतरवावेत. मग ब्राउझरमध्ये पुढील पत्ता टाकावा. काही दाबावे लागत नाही, मोजणी आपोआप सुरू होते.

```
fast.com
```

पडद्यावर जो मोठा आकडा स्थिर होतो तो एमबीपीएसमध्ये असतो, आणि आपल्या प्लॅनवर लिहिलेला आकडाही त्याच मापात असतो. मोजणी दोनदा करून दोन्ही आकडे वेळेसह कागदावर लिहावेत. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अनेक राउटर वायफायची दोन नावे दाखवतात आणि त्यांपैकी एकाच्या शेवटी `5G` असते. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते राउटरच्या वेगवान पण कमी अंतर गाठणाऱ्या लहरींचे नाव आहे, आणि राउटरजवळची मोजणी त्याच नावावर करावी. दुसरे असे की जुन्या किंवा स्वस्त फोनला हे नाव दिसतच नाही. असा फोन राउटरच्या शेजारी ठेवला तरी बहुधा चाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही, आणि त्यावरून कंपनीला दोष देणे चुकीचे ठरते. घरातला सर्वांत नवा फोन मोजणीसाठी घ्यावा.

हा आकडा प्लॅनच्या जवळपास आला, म्हणजे शंभरच्या प्लॅनवर ऐंशी-नव्वदच्या घरात आला, तर बाहेरची तार आणि कंपनी या दोन्ही गोष्टी त्या घटकेला निर्दोष आहेत. नळाला बारीक पाणी येते तेव्हा आपण आधी वाड्याच्या तोंडाशी असलेल्या नळाला जोर आहे का ते पाहतो, तशीच ही तपासणी आहे. तोंडाशी जोर असेल तर अडथळा घरातच शोधायचा.

यानंतर त्याच फोनने त्याच वेळी, ज्या खोलीत त्रास होतो तिथे, मूल बसते त्याच खुर्चीवर बसून पुन्हा मोजावे. या दोन आकड्यांमध्ये जो फरक पडतो तो भिंतींचा, स्लॅबचा आणि मधल्या सामानाचा असतो. सोलापुरातल्या जुन्या पेठांमधील जाड दगडी किंवा मातीच्या भिंतींतून वायफायच्या लहरी फारच कमी पार होतात. नव्या बांधकामातील विटांच्या भिंती त्या मानाने बऱ्या, पण लोखंडी सळ्यांचा स्लॅब लहरींना चांगलाच अडवतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज हेही अडथळेच आहेत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे अनेक घरांत पाण्याच्या टाक्या आणि भरलेले पिंप आतच ठेवलेले असतात, आणि पाणी या लहरी शोषून घेते. राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्या सरळ रेषेत पाण्याची टाकी येत असेल, तर पलीकडे वेग का मिळत नाही याचे निदान तिथेच झाले म्हणून समजावे.

जुळे सोलापुरातील माझ्या ओळखीच्या एका घरात ही तपासणी कशी झाली ते सविस्तर सांगतो, कारण त्यात हा सगळा प्रकार एकत्र पाहायला मिळतो. घर दुमजली आहे. राउटर खालच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या दार लावलेल्या कप्प्यात होता. अकरावीत शिकणारा मुलगा वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत संध्याकाळी साडेसात वाजता तासाला बसत असे आणि आठच्या सुमारास त्याचे चित्र हमखास अडकत असे. प्लॅन शंभरचा होता आणि वडिलांनी तो दोनशेचा करायचे जवळजवळ ठरवले होते.

मुलाच्या आईंनी फोन हातात घेऊन शोकेससमोर उभे राहून मोजले, तेव्हा आकडा 94 आला. मागच्या खोलीत `5G` हे नाव एकच रेघ दाखवून नाहीसे होत होते आणि दुसऱ्या नावावर आकडा 7 आला. जिन्याच्या मधल्या वळणावर मोजले तेव्हा 41 आला. एवढ्यावरूनच प्लॅन वाढवण्याचा विचार मागे पडायला हवा होता, कारण राउटरपर्यंत 94 पोहोचत असताना खोलीत 7 मिळत होते. राउटरपर्यंत 190 आणले असते तरी त्या खोलीतला आकडा तेवढाच राहिला असता. माझे स्पष्ट मत आहे की राउटरजवळचा आकडा मोजल्याशिवाय कोणीही प्लॅन वाढवू नये. एका मुलाच्या व्हिडिओ तासाला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात, चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला पाच आणि मोठ्या टीव्हीवरच्या सर्वांत उच्च प्रतीच्या चित्राला पंधरा ते पंचवीस लागतात. चार माणसांच्या घराला शंभरचा प्लॅन सहसा कमी पडत नाही.

तरीही एक प्रश्न उरत होता. तासाला तीन-चार पुरत असतील आणि खोलीत 7 मिळत असतील, तर चित्र साडेसातला न अडकता आठलाच का अडकावे? आईंनी दोन दिवस वेळ लिहून ठेवली तेव्हा उलगडा झाला. वडील आठच्या सुमारास दुकानातून घरी येत, शेजारच्या खोलीत फोन चार्जिंगला लावत, आणि तो फोन वायफाय मिळताच दिवसभरातले फोटो व व्हिडिओ वर चढवू लागे. वायफायच्या एका नावावर जोडलेल्या सर्व उपकरणांना आळीपाळीने बोलावे लागते, आणि राउटरपासून लांब असलेल्या कमजोर उपकरणाला तेवढीच माहिती पाठवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. वडिलांचा फोन मागे बसून ती सगळी पाळी खात होता आणि मुलाच्या लॅपटॉपच्या वाट्याला तुकडे उरत होते. खात्री करण्यासाठी आईंनी तास चालू असताना वडिलांचा फोन विमान मोडवर टाकला, आणि मिनिटाच्या आत चित्र सुरळीत झाले. पुन्हा पूर्ववत केल्यावर थोड्या वेळात ते परत अडकले. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहण्याची ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात अंदाजाला जागा राहत नाही.

उपाय साधा निघाला. शोकेसमागे बारीक तारेचे तीन-चार मीटरचे वेटोळे शिल्लक होते. राउटर बंद करून, तारेचे टोक राउटरमधून न काढता, ते वेटोळे हलकेच सोडवून राउटर जिन्याच्या सुरुवातीला डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर ठेवला. मागच्या खोलीतला आकडा 7 वरून 32 वर गेला. फोटो चढवण्याचे काम रात्री अकरानंतर करण्याची सवय वडिलांनी लावून घेतली. तार पुरली नसती, तर राउटर हलवण्यासाठी माणूस बोलवावा लागला असता, पण तेव्हाही नेमके कोणते काम करायचे हे घरच्यांना माहीत असते. खोलीत सिग्नल वाढवणारे छोटे यंत्र लावण्याचा मोह अनेकांना होतो. ते जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे त्या खोलीत लावून उपयोग होत नाही. ते अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावावे लागते, आणि तरीही साध्या यंत्रातून वेग साधारण निम्म्यावर येतो. मुलाचा लॅपटॉप एकाच जागी राहत असेल, तर त्यापेक्षा राउटरपासून तिथपर्यंत लॅनची तार ओढणे केव्हाही चांगले.

आता दुसरी शक्यता घेऊ. राउटरजवळ उभे राहूनही आकडा प्लॅनपेक्षा पुष्कळ कमी आला, तर राउटर हाताला किती गरम लागतो ते पाहावे. घरगुती राउटर साधारणपणे चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालतील अशा बेताने बनवलेले असतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच चाळीसच्या वर पारा जातो, आणि वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, बंद कप्प्यात, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेल्या राउटरची स्थिती त्याहून वाईट असते. दुपारी आणि संध्याकाळी मंद आणि पहाटे ठीक, असा नमुना उन्हाळ्यातच दिसत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. राउटर उघड्यावर, भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा आणि त्यावर कापड किंवा पूजेचे सामान ठेवू नये.

यानंतर राउटर बंद-चालू करावा, पण नीट. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे, मग चालू करून तीन मिनिटे काही करू नये. काही घरांत बारीक तार ज्यात शिरते ती छोटी पेटी आणि वायफायचा राउटर असे दोन डबे असतात. तिथे दोन्ही बंद करून आधी पेटी आणि तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर चालू करावा. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे `Reset` नावाचे बारीक छिद्र असते, त्याला मात्र हात लावू नये. ते दाबून धरले की कंपनीने भरलेली जोडणीची सगळी माहिती पुसली जाते आणि मंद चालणारे इंटरनेट पूर्ण बंद पडते. बंद-चालू केल्यावर पुन्हा मोजावे आणि आकडा लिहावा. वेग सुधारला आणि आठवडाभर टिकला, तर विषय संपला. रोज किंवा एक दिवसाआड हेच करावे लागत असेल, तर राउटर किंवा त्याचा अडॅप्टर थकला आहे असे समजावे आणि तसे कंपनीला सांगावे. वीज सारखी जात-येत असेल, तर त्या प्रत्येक वेळी राउटर नव्याने सुरू होत असतो. राउटर इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतल्याने हा त्रास बराच कमी होतो. मात्र घरात पडलेला दुसरा कोणताही अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नये, कारण जुन्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट जसेच्या तसे आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असावे लागतात.

दिवे पाहायला विसरू नये. `PON` नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा आणि `LOS` नावाचा दिवा पूर्ण विझलेला असावा. `LOS` लाल होऊन लुकलुकत असेल, तर तारेतून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी घरात खटपट न करता थेट फोन करावा. हा दिवा अधूनमधून काही क्षण लाल होऊन पुन्हा विझत असेल, तर तार कुठेतरी दबलेली किंवा मुडपलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ही तार काचेच्या बारीक धाग्याची असते. ती कपाटामागे दाबली गेली, खिळ्याला घट्ट गुंडाळली गेली किंवा दाराच्या फटीत सापडली तर प्रकाश वाटेतच गळतो. घरातला तारेचा सगळा मार्ग डोळ्यांनी पाहावा आणि दाब दिसला तर तो सैल करावा, पण तार ओढू नये, टोक काढू नये आणि निघालेल्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला अपाय करू शकतो.

दिवे ठीक, राउटर थंड, आणि तरीही आकडा कमी असेल, तर वेळेचा हिशेब ठेवावा. सकाळी सहा-सातला, दुपारी आणि रात्री नऊला, त्याच जागी उभे राहून, सलग दोन दिवस मोजावे. सकाळी 90 आणि रात्री 15 असे दिसले, तर त्या वेळी आपल्या भागातील सगळी घरे एकाच तारेवर गर्दी करत आहेत आणि स्थानिक पुरवठादाराची क्षमता अपुरी पडत आहे. यावर घरात काही उपाय नाही, पण हा लिहून ठेवलेला फरक तक्रारीत फार उपयोगी पडतो. याउलट दिवसाच्या कोणत्याही वेळी मोजले तरी आकडा 2 किंवा 4 असा एकाच ठिकाणी खिळलेला दिसला, तर तो जवळजवळ नक्कीच मर्यादा संपल्याचा प्रकार असतो. अमर्याद म्हणून विकलेल्या बहुतेक प्लॅनमध्येही महिन्याच्या वापराची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की पुढच्या तारखेपर्यंत वेग मुद्दाम उतरवला जातो. कंपनीच्या ॲपमध्ये या महिन्याचा वापर दिसतो. तो अपेक्षेपेक्षा फारच जास्त असेल, तर राउटरला किती उपकरणे जोडलेली आहेत हे त्याच ॲपमध्ये पाहावे आणि अनोळखी नावे आढळल्यास वायफायचा पासवर्ड बदलावा. शेजारच्या मुलांना एकदा दिलेला पासवर्ड पुढे किती घरांत पोहोचतो याचा अंदाज आपल्याला नसतो.

एवढे झाल्यावर फोन करायचा असेल तर कागद समोर ठेवून करावा. ‘नेट स्लो आहे’ या वाक्यावर समोरचा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारणार, म्हणून थेट असे सांगावे: “माझा प्लॅन शंभरचा आहे. राउटरजवळ उभे राहून, बाकी सगळे बंद ठेवून, सकाळी 90 आणि रात्री नऊला 15 येते. दोन दिवस मोजले आहे. राउटर बंद-चालू केला आहे, LOS दिवा विझलेला आहे, या महिन्याची मर्यादा संपलेली नाही.” अशी तक्रार ऐकल्यावर दोष घरातल्या वायफायचा आहे असे सांगून ती परतवणे अवघड जाते. तक्रारीचा क्रमांक मागून त्याच कागदावर लिहावा. दुरुस्तीला माणूस आला तर त्याला त्याचा लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग दाखवायला सांगावे, म्हणजे वायफायचा प्रश्न बाजूला पडतो. बाहेरून येणारा प्रकाश मोजण्याचे हातातले छोटे यंत्र त्याच्याकडे असते, त्यावरचा आकडाही विचारून घ्यावा. काम झाल्याचे सांगून तो निघण्यापूर्वी आपण पहिल्या दिवशी उभे होतो त्याच जागी, त्याच फोनवर, त्याच्यासमोर पुन्हा एकदा मोजावे, आणि दोष रात्रीचाच असेल तर रात्री नऊला मोजेपर्यंत तक्रार बंद करण्यास संमती देऊ नये.